कचरा म्हणून टाकलेली फाईल

मनाली आता दुकानात परत जायची नाही, असं मला सारखं वाटतंय. तसं ती बोललेली नाही. शटर बंद आहे, कुणाचा फोन आला तर "जरा बरं नाही" एवढंच सांगते आणि मोबाइल उशीखाली सारते. जेवायला हाक मारली की येते, जेवते, ताट धुऊन ठेवते. भांडली असती, रडली असती, तर मला इतकी काळजी वाटली नसती. हे म्हणतात, "बसू दे की दोन दिवस घरात. माणूस हाय ती, मशीन न्हाय." पण ही मुलगी अंगात ताप घेऊन दुकान उघडायला जाणारी. पंचगंगेचं पाणी रस्त्यावर आलं तेव्हासुद्धा गिऱ्हाइकांची मशीनं माळ्यावर चढवायला गुडघाभर पाण्यातून गेली होती. ती आता दुपारभर खिडकीशी बसून राहते, याचा अर्थ मला कळतो.

लहानपणी ती फार बोलायची नाही. आम्ही तेव्हा कसबा बावड्यात भाड्याने राहत होतो. ह्यांची पाटबंधारे खात्यात नोकरी, माझी शाळा. दुपारी घरात ती आणि रेडिओ. एक दिवस मी घरी आले तर रेडिओचं पोट उघडं, आणि ही पालथी पडून आत बघत होती. हे संध्याकाळी ओरडले. तिने शांतपणे सांगितलं, "पप्पा, गाणं कुठून येतं ते बघत होते. कुठूनच येत नाही. नुसत्या तारा आहेत." मग तिनेच तो परत जोडला. लागला. फक्त काटा सांगलीवर ठेवला की पुणे केंद्र लागायचं.

पॉलिटेक्निकला तिने कॉम्प्युटर घेतलं तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, बँकेच्या परीक्षा का देत नाही? डिप्लोमा झाल्यावर ती शाहूपुरीत गणपतरावांच्या दुकानात लागली. गणपतराव म्हणजे जुना माणूस, आधी टाइपरायटर दुरुस्त करायचे. त्यांनी तिला काम शिकवलं आणि शिस्तही शिकवली. गिऱ्हाइकाचं मशीन फॉरमॅट करायचं, म्हणजे सगळं पुसून पुन्हा नवं विंडोज टाकायचं असेल, तर आधी त्याचा डेटा सीडीवर काढून ठेवायचा. आणि सीडीवर घेण्याआधी कचरा साफ करायचा. तात्पुरत्या फाईली, रिकाम्या फाईली, कुठल्या तरी प्रोग्रॅमने मागे सोडलेली शेपटं, सगळं काढून टाकायचं. "सीडी म्हणजे उकिरडा न्हवं," ते म्हणायचे. "पावण्याला त्याचा माल चोख द्यायचा." मनालीला हे फार आवडायचं. तिचं घरातलं कपाटही तसंच असतं.

दोन हजार पाच साली तिने लक्ष्मीपुरीत स्वतःचा गाळा घेतला. सुरुवातीला लोक आत डोकावून विचारायचे, "मालक कुठं हाईत?"

"जेवायला गेल्यात," मनाली सांगायची. "तवर मीच मालक."

"मग जेवून आल्यावर येतो."

"या की. तवा बी मीच असणार."

हळूहळू लोक यायला लागले. तिच्या दुकानाची एक गोष्ट मला नेहमी बरी वाटली. ती गिऱ्हाइकाचं काही वाचायची नाही. फाईल उघडते का हे बघायचं असेल तर स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवायची आणि म्हणायची, "तुमचंच आहे ना, बघा." पासवर्डही विचारायची नाही. "घरी जाऊन तुम्ही टाका, चाललं नाही तर घेऊन या." हीच सवय पुढे नडली, असं ती आता म्हणते.

आक्काताई पेठ वडगावच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, रिटायर झालेल्या. यजमान पूर्वीच वारलेले. एकुलता मुलगा संघर्ष दोह्याला एसीच्या कामावर. त्याने आईला कॉम्प्युटर घेऊन दिला, इंटरनेट जोडून दिलं आणि चॅटिंग शिकवलं. फोन महाग पडतो, आणि लिहिलेलं पुन्हा वाचता येतं, म्हणून आक्काताईंना तेच आवडायला लागलं. इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि सगळी अक्षरं कॅपिटल. आक्काताईंनी आम्हालाच सांगितलं होतं, संघर्ष लिहायचा, "आई, कॅपिटलमध्ये लिहिलं की ओरडल्यासारखं वाटतं." ह्या उत्तर द्यायच्या, "मी ओरडूनच बोलते. वडगावची हाय."

संघर्षने लग्न स्वतः ठरवून केलं होतं. मुलगी संयोगिता, राधानगरीकडची, शेती आणि म्हशींचा मोठा बारदाना असलेल्या घरातली. आक्काताईंची मुळात हरकत नव्हती. पण लग्नाआधी मुलीचे वडील त्यांच्या दारात येऊन नको ते बोलून गेले. जातीवरून बोलले. सगळ्या गल्लीनं ऐकलं. तेव्हापासून आक्काताईंनी त्या घराचं नाव टाकलं, आणि सुनेशीही कधी बोलल्या नाहीत. नवरा-बायको दोह्याला, सासू वडगावला. मुलाशी रोज संध्याकाळी चॅट, त्यात सुनेचा विषय नाही.

यंदा उन्हाळ्यात, लोडशेडिंग ऐन भरात असताना, एका संध्याकाळी आक्काताई चॅटवर होत्या. संघर्षकडून भला मोठा मेसेज आला. एरवी तो दोन-दोन शब्द लिहायचा. पहिली ओळ त्यांनी वाचली. "आई, रागावू नको, एक विचारायचं आहे." तेवढ्यात लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेलेली. लाइट आली तेव्हा कॉम्प्युटर चालूच होईना.

दुसऱ्या दिवशी त्या मशीन घेऊन मनालीकडे आल्या. लाइट गेली त्याच रात्री संघर्षचा फोन आला होता. त्यांनी सांगितलं, मशीन बिघडलंय, काय ते आता बोल. तो म्हणाला, "आता नको. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. दुरुस्त झालं की वाच, दोनदा वाच, मग फोन कर." मनालीने नेहमीप्रमाणे काम केलं. हार्ड डिस्क काढून दुकानातल्या मशीनला जोडली, आक्काताईंचा सगळा डेटा घेतला, साफ केला, सीडीवर काढला. डिस्क फॉरमॅट केली, नवं विंडोज, चॅटचं सॉफ्टवेअर परत टाकलं, आणि सीडीवरचा चॅटचा फोल्डर त्याच्या जागी ठेवला. मशीन चालू झालं. पासवर्ड आक्काताईंचा, तो घरी जाऊन टाकायचा होता.

पण त्या मशीन न्यायला आल्याच नाहीत. साइटवर जाणाऱ्या गाडीला अपघात होऊन संघर्ष गेला होता.

त्याला वडगावला आणलं. संयोगिताही सोबत आली. अंत्यसंस्काराच्या दिवशीच संध्याकाळी तिचा भाऊ तिला राधानगरीला घेऊन गेला. आक्काताईंनी ते बघितलं आणि मनात ठेवलं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, मग शेजाऱ्याने मशीन नेऊन जोडून दिलं. आक्काताईंनी पासवर्ड टाकला. आत काही जाता येईना. नुसता एरर.

ती दुपार मला आठवते, कारण शनिवारची अर्धी शाळा करून मी डबा घेऊन दुकानात गेले होते. आक्काताई दारात उभ्या होत्या. सीपीयू सोलापुरी चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन आलेल्या. कंडक्टरने खाली ठेवायला सांगितलं तर त्याला म्हणाल्या म्हणे, "हे न्हाय खाली ठेवायचं. हे माझं पोरगं हाय."

मनालीने आधी विचारलं, "आक्काताई, किती वेळा उघडून बघितलं?"

"धा-बारा येळा."

"आता नका उघडू. प्रोग्रॅम स्वतःच काहीतरी लिहून ठेवतो, आहे तेही जाईल. मूळ सीडी माझ्याकडे आहे, तिच्यावर कुणाला लिहिता येत नाही. आपण त्यावरून बघू."

तिने सीडीवरून कॉपी काढली, त्या कॉपीची आणखी एक कॉपी काढली आणि त्या दुसऱ्या कॉपीवर काम सुरू केलं. चॅटचे सगळे मेसेज एकाच मोठ्या फाईलमध्ये असतात, डेटाबेसमध्ये. ती तपासायचा प्रोग्रॅम चालवला तर इंग्रजीत उत्तर आलं, डेटाबेस खराब झालेला आहे. मनालीच्या कपाळावर आठी पडली. सीडी नीट वाचली जात होती, मग फाईल आतून खराब कशी?

दुपारभर ती शोधत होती. मग आपल्या दुकानातल्या मशीनवर गेली आणि पुसलेल्या फाईली शोधायचं सॉफ्टवेअर लावलं. मी बाजूला बसून पेपर तपासत होते. एका क्षणी तिचं बोट माउसवर थांबलं ते हललंच नाही. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "आई, हा कचरा नव्हता."

तिने मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहिते. डेटाबेस म्हणजे पानं असलेली वही समजा. नवा मेसेज आला की प्रोग्रॅमला त्यातली काही पानं बदलावी लागतात. पण बदलण्याआधी तो त्या पानांची जुनी नक्कल शेजारच्या एका छोट्या फाईलमध्ये करून ठेवतो. बदल पुरा झाला की ती छोटी फाईल निकामी होते, एरवी ती दिसतच नाही किंवा रिकामी असते. मधेच लाइट गेली, तर पुढच्या वेळी प्रोग्रॅम ती फाईल बघतो, ओळखतो की काम अर्धवट राहिलं, आणि जुनी पानं परत जागेवर लावतो. म्हणून मोठी फाईल आणि ही छोटी फाईल दोन्ही एकत्रच न्यायच्या असतात. मनालीने ती छोटी फाईल शेपूट समजून काढून टाकली होती. हजार वेळा काढली असेल. त्या हजार वेळा ती रिकामीच असणार. ह्या वेळी नव्हती.

पुसलेल्या फाईलींत तिचं नाव सापडलं. आकारही दिसला, म्हणजे आत पानं होती. पण डिस्कवरच्या त्या जागेवर आता दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाचे फोटो येऊन बसले होते. त्याच दिवशी पासवर्ड विचारून उघडून बघितलं असतं, तर ती तिथेच सापडली असती. आक्काताईंच्या स्वतःच्या डिस्कवर फॉरमॅटनंतर नवं विंडोज चढलेलं. तिथेही काही उरलं नव्हतं.

मी म्हणाले नाही की त्यांना सांगू नको. पण माझ्या मनात ते आलं असेल का, असं तिने माझ्याकडे बघितलं आणि उठून बाहेर गेली. आक्काताई दुकानाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या.

"आक्काताई, ही माझी चूक आहे," ती म्हणाली. "तुमच्या मशीनची नाही, लाइटची नाही. लाइटीनं अर्धं काम केलं, उरलेलं मी केलं." आणि सगळं सांगितलं.

आक्काताईंनी ऐकून घेतलं. पदराने तोंड पुसलं. मग नर्स होत्या तशाच आवाजात विचारलं, "ते राहू दे. पेशंट हाय का गेला, तेवढं सांग."

"आहे. पण सगळा नाही."

"किती?"

"काम केल्याशिवाय सांगता येणार नाही. बरेचसे जुने मेसेज येतील असं वाटतं. शेवटचे… शेवटची पानंच तेव्हा बदलत होती."

"मला शेवटचाच पायजे, पोरी."

"माहीत आहे."

"मग लाग कामाला. तोंड पाडून बसू नगंस. मी बघितल्यात चुका, आणि त्यातनं जगलेली माणसं बी बघितल्यात."

त्यानंतर मनाली दुसरं काही काम घेत नव्हती. शाळा सुटली की मी दुकानात जायची. ती जे करत होती त्यातलं मला समजलं ते एवढंच. खराब झालेल्या डेटाबेसमधली अनुक्रमणिका मोडली असेल, तर तिच्या वाटेने जाऊन काही हाती लागत नाही. पण अनुक्रमणिका बाजूला ठेवून एकेक पान सरळ वाचत गेलं तर चांगली पानं वाचता येतात. तिने सुरुवातीपासून वाचायला लावलं, तर एका ठिकाणी येऊन गाडी अडली. मग मेसेजच्या नंबरवरून उलटं, शेवटाकडून मागे वाचायला लावलं, आणि पलीकडचे काही मिळाले. जे मिळालं ते नव्या कोऱ्या डेटाबेसमध्ये भरत गेली. मधे भोकं राहिली, शेवटच्या आठवड्यात तर मोठं भगदाड. पण आधीची वर्षं जवळजवळ सगळी आली.

आक्काताई रोज सकाळच्या गाडीने यायच्या. मनाली स्क्रीन त्यांच्याकडे फिरवून उठून जायची. त्या वाचायच्या. कधी हसायच्या. एकदा मला बोलावलं, "बाई, हे बघा. मी ह्याला पिठल्याची रेसिपी लिहिलिया आणि हा म्हणतो, आई, पाणी किती ते लिहिलंच न्हाईस." थोड्या वेळाने म्हणाल्या, "ह्यात कुठं सुनेचं नाव न्हाय. त्यानं काढलंच नसंल माझ्या भ्यानं."

शेवटचा मेसेज त्या पद्धतीने येत नव्हता. मनालीने मग फाईल कच्ची उघडली, म्हणजे प्रोग्रॅमला मधे न घेता आतली अक्षरं जशीच्या तशी बघायची. पानंच्या पानं चौकोन आणि चिन्हं, मधूनच शब्द. त्यात तिने आक्काताईंना माहीत असलेली ओळ शोधली. "आई, रागावू नको." सापडली. ह्या वेळी मनाली उठून गेली नाही. आक्काताईंनीच तिचा हात धरून ठेवला होता, आणि म्हणाल्या, "वाच. माझा चष्मा भिजलाय."

मनालीने वाचलं. "आई, रागावू नको, एक विचारायचं आहे. इथलं काम सोडून यायचं म्हणतोय. मी लगेच तिकीट काढणार होतो, पण संयोगिता म्हणते, आधी आईंना विचार. त्या हो म्हणाल्या तरच जायचं. तिकडं आल्यावर राधानगरीला नाही, वडगावला तुझ्यापाशी राहायचं असं ती म्हणते. तिने एक ठरवलंय, ते तुला पटतंय का बघ. आम्ही दोघं वडगावला येऊन"

तिथे संपलं. पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी जुन्या मेसेजचे तुकडे होते. मोठा मेसेज एका पानात मावत नाही, उरलेला पुढच्या पानावर जातो, आणि ते पुढचं पान लिहिलं जायच्या आधीच लाइट गेली होती. मनालीने संपूर्ण फाईल पुन्हा पुन्हा धुंडाळली. पुढचं काही तिथे नव्हतंच.

बाहेर हमाल कुणाला तरी शिव्या घालत होता. मग आक्काताई म्हणाल्या, "आधी आईंना विचार, म्हणाली?"

"हो."

"तिचं नाव काढलं न्हवतं मी त्याच्यासमोर कधी."

मनाली हळूच म्हणाली, "आक्काताई, आणखी एक जागा आहे. ह्या सॉफ्टवेअरमध्ये मेसेज कंपनीकडे साठत नाहीत. ज्यानं लिहिला त्याच्या मशीनमध्ये एक, ज्याला आला त्याच्यात एक. संघर्षदादांच्या लॅपटॉपमध्ये हा पूर्ण असणार. तुमचं मशीन बंद असताना त्यांनी आणखी काही लिहून पाठवलं असेल, तर तेही तिथेच अडकून असेल, कारण तुम्ही चालू झाल्याशिवाय ते इकडे येत नाही. लॅपटॉप कुठे आहे?"

"तिच्याकडं. राधानगरीला."

"मग त्यांना सांगायला पाहिजे. कुणी त्यावर नवं विंडोज टाकलं, तर संपलं."

आक्काताई उभ्या राहिल्या. पिशवी उचलली. "मी न्हाय फोन करायची. माझ्या पोराची राख थंड व्हायच्या आत गेली ती. त्या बापाच्या घरात फोन लावून मी काय म्हणू, मला माझ्या पोराचं बोलणं द्या?" दारापर्यंत गेल्या, थांबल्या. "कुणी दुसऱ्यानं केला तर मी आडवणार न्हाय."

"राधानगरीच्या घरचा नंबर आहे का?" मी विचारलं.

त्यांनी पर्समध्ये हात घातला नाही, डोळेही मिटले नाहीत. दहाच्या दहा आकडे सरळ म्हणून दाखवले, दवाखान्यातला औषधाचा डोस सांगावा तसे. मी पेपरच्या कोपऱ्यावर लिहून घेतला. ज्या नंबरला कधी फोन केला नाही तो माणसाला असा तोंडपाठ कसा असतो, हे मी विचारलं नाही.

त्या गेल्या आणि मनालीने शटर ओढलं. घरी आल्यावर ती सरळ खिडकीशी जाऊन बसली. मला वाटलं, दमली असेल. मी तिला समजावायला गेले. मी म्हणाले, तूच सांगितलंस ना, ती छोटी फाईल असती तर प्रोग्रॅमने जुनी पानं परत लावली असती? म्हणजे बाकीचं सगळं नीट राहिलं असतं, पण शेवटचा मेसेज पुसला गेला असता. आज ज्या चार ओळी आल्या, त्याही आल्या नसत्या. उलट बरंच झालं की.

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझंच बोलणं स्वस्त वाटलं.

"आई, नशिबानं बरं झालं म्हणून चूक बरोबर होत नाही. आणि बरंही झालेलं नाही. शेवटच्या आठवड्यातले त्यांचे मेसेज माझ्यामुळे गेले." मग थोड्या वेळाने म्हणाली, "ह्या परत आल्या म्हणून कळलं. बाकीचे? चार वर्षं मी लोकांचा कचरा साफ करतेय. कुणाकुणाचं काय टाकलं असेन. त्यांनी घरी जाऊन बघितलं असेल, चाललं नसेल, आणि म्हणाले असतील, जाऊ दे, कॉम्प्युटरच तसला. त्यांना माहीतही नाही."

"मग आता?"

"आता मला कुठलीच फाईल पुसवत नाही. आणि पुसल्याशिवाय हे काम होत नाही."

हे बाहेरच्या खोलीत बातम्या ऐकत असल्यासारखं बसले, आवाज बंद करून. काल ते तिला म्हणाले, "आमच्या खात्यात चुका झाल्या तर कॅनॉल फुटतो, तरी लोकं दुसऱ्या दिवशी कामावर जातात." ती म्हणाली, "म्हणूनच परत फुटतो, पप्पा." ह्यांना हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

राधानगरीचा तो फोन मनालीने करावा असं मला वाटत होतं. तिला मी दोनदा म्हणाले. ती म्हणते, "काय तोंडानं बोलू? मीच मोडलं आणि मीच मागायचं?" मग म्हणते, "त्यांचं अजून दुःख ओलं आहे, त्यात मी लॅपटॉप मागू?" दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण तिकडे त्या घरात एखादा भाऊ लॅपटॉप घेऊन म्हणेल, हा जरा स्लो झालाय, नवं विंडोज टाकून घेऊ. आणि राधानगरीच्या बाजारात कुणी तरी, मनालीसारखाच नीटनेटका, आधी कचरा साफ करेल.

आज संध्याकाळी मी तिला एवढंच विचारलं, लॅपटॉप आलाच तर त्यातलं कसं काढायचं? ती खिडकीकडे बघतच सांगायला लागली. चालू करायचा नाही. चालू केला की प्रोग्रॅम आपोआप उघडतो, नवं काहीतरी लिहितो. डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला जोडायची, पूर्ण डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायची, एकही फाईल न वगळता, छोटी, मोठी, रिकामी, सगळी. आणि मग त्या नकलेवर काम. बोलता बोलता तिचे हात हलायला लागले होते. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने ते मांडीवर ठेवले.

मला इतकं कळतं की हे काम ती दुसऱ्या कुणाला देणार नाही. देताच येणार नाही तिला. पण लॅपटॉप स्वतःहून लक्ष्मीपुरीत चालत येणार नाही.

मी ठरवलंय. सकाळी शाळेत जाण्याआधी, धारा काढून झाल्या असतील अशा वेळी, मी संयोगिताला फोन करणार आहे. वडिलांनी उचलला तर त्यांना सांगेन, मी कोल्हापूरहून बोलतेय, शाळेत शिकवते, तुमच्या मुलीशी दोन मिनिटं बोलायचं आहे. त्यांनी नाव विचारलं तर नाव सांगेन, आडनावासकट. तिच्याशी आधी लॅपटॉपचं बोलणार नाही. आधी सांगेन की त्याने लिहिलं होतं, तू म्हणालीस, आईंना विचार. ते आक्काताईंनी वाचलं. मग म्हणेन, तो लॅपटॉप बंद असेल तर बंदच ठेव, कुणाला देऊ नको, आणि वाक्य अर्धं राहिलंय, पुढचं काय होतं ते तुला माहीत असेल तर मला सांगू नको. त्यांनाच सांग. आणि लॅपटॉप घेऊन माझ्या मुलीकडे ये.